दोन फेसबुक पेजेस मर्ज करताना कोणते ठेवावे?

प्रश्न: दुकानाच्या जुन्या पेजवर रिव्ह्यू आहेत, नव्यावर फॉलोअर जास्त आहेत. मर्ज करताना कोणते ठेवू?

उत्तर: जुने पेज ठेवावे, कारण फेसबुकच्या मदत-विभागात नमूद केल्याप्रमाणे दोन्ही पेजेसचे फॉलोअर आणि चेक-इन राहिलेल्या पेजवर एकत्र येतात, परंतु विलीन होणाऱ्या पेजवरील पोस्ट, फोटो, रिव्ह्यू, रेटिंग आणि युजरनेम कायमचे नष्ट होतात. म्हणजे फॉलोअर कुठे जास्त आहेत, याला या निर्णयात महत्त्वच उरत नाही. विलीनीकरण मागे घेता येत नसल्याने नव्या पेजवरील फोटो आणि मजकूर आधी डाउनलोड करून घ्यावा. मात्र दोन्ही पेजेसचे पूर्ण नियंत्रण तुमच्याकडे असावे लागते, आणि नावे मिळतीजुळती नसतील किंवा पत्ता एकच नसेल तर विनंती नाकारली जाते. तसे असल्यास प्रथम तो तपशील दुरुस्त करावा.