चारशे मेसेजमधून उरलेल्या ओळी

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातला असून माझा मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये आठ महिने ट्रेनी होतो. रिझ्युमे नव्याने लिहिण्यासाठी कोल्हापूरच्या मावसभावाशी (दादाशी) व्हॉट्सॲपवर तीन आठवडे बोलणे चालले होते, चारशेच्या वर मेसेज झाले. आता कोणती वाक्ये नक्की झाली आणि बाकीची का सोडली, हे मलाच सांगता येत नाही. चॅटची फाईल जोडली आहे. याचा एक पानी सारांश कसा करावा?

उत्तर : तुमची फाईल मी आधी वरून खाली वाचली आणि त्यात अर्धा तास वाया गेला. मग रिझ्युमेतली एकेक ओळ धरून ती फाईलमध्ये खालून वर शोधत गेलो, तेव्हा उलगडा होऊ लागला. तुम्हीही तसेच करा. दिवसवार सारांश लिहायला घेतलात, तर कोणत्या तारखेला काय बोललो याची डायरी तयार होईल; तुम्हाला हवा आहे तो ओळवार निर्णय.

मात्र सर्वांत शेवटी आलेले वाक्य तेच अंतिम, असे धरू नका. शेवटच्या रात्री तुम्ही कामाच्या अनुभवाची एक नवी ओळ पाठवली आहे आणि तिला दादांचे उत्तरच नाही. ती सूचना आहे, निर्णय नव्हे. ज्या वाक्याला दोघांनीही होकार दिला आणि ज्यावर नंतर कोणी हरकत घेतली नाही, तेच अंतिम. होकार कोणत्या वाक्याला होता, हे ठरवताना निर्यात केलेली फाईल दगा देते. एका ठिकाणी तुम्ही दोन मिनिटांत तीन वाक्ये पाठवली आहेत आणि दादांनी ‘हो, हेच ठेव’ एवढेच म्हटले आहे. फोनवर त्यांनी त्यांपैकी एक वाक्य निवडून त्याखाली उत्तर दिलेले दिसेल. फाईलमध्ये तो संदर्भ उतरत नाही, फक्त उत्तर उरते. त्यामुळे अशा प्रत्येक होकाराशी थांबून मूळ चॅट फोनवर उघडून पाहा. तुम्ही फाईल मीडियाशिवाय निर्यात केली असल्याने व्हॉइस मेसेजच्या जागी केवळ ‘Media omitted’ दिसते. आपल्याकडे कारणे बोलून सांगायची आणि निर्णय तेवढा टाइप करायचा, अशी सवय असते, म्हणून नेमकी कारणेच गळतात. तुमचे दोन व्हॉइस मेसेज मी मागवून घेतले ते यासाठीच.

आता सर्वांत जास्त चर्चा झालेली ओळ घेऊ. मशीन शॉपमधल्या कामाबद्दल तुमची चार वाक्ये झाली.

पहिले वाक्य ‘व्हीएमसी विभागातील गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली’ असे होते. ते दादांनी नाकारले, कारण तपासणीच्या कागदावर सही सुपरवायझरची होती. ट्रेनीने जबाबदारीचा दावा केला, तर मुलाखतीत ‘रिजेक्ट झालेल्या मालाचा निर्णय कोण घेत असे?’ या पहिल्याच प्रश्नाला तो कोसळतो. दुसरे वाक्य ‘गुणवत्ता तपासणीत मदत केली’ हे खरे होते, पण ‘मदत’ या शब्दात भांडी पुसण्यापासून मायक्रोमीटर लावण्यापर्यंत काहीही बसते. तिसरे वाक्य सर्वांत आकर्षक होते : ‘रिजेक्शन सहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले.’ चॅटमध्ये ते दोन दिवस टिकले आणि मग अचानक नाहीसे झाले, कारण कुठे लिहिलेलेच नाही. ते व्हॉइस मेसेजमध्ये सापडले : रिजेक्शनचे रजिस्टर तुम्ही कधी पाहिलेच नव्हते, आकडा शिफ्टमधल्या गप्पांतून आला होता. चौथे वाक्य दोघांनी मान्य केले आणि तेच सारांशात अंतिम म्हणून लिहा : ‘प्रत्येक सेटअपनंतरचा पहिला नग आणि पुढे दर दहावा नग व्हर्नियर, मायक्रोमीटर व बोअर गेजने तपासून मापे तपासणी पत्रकात नोंदवली.’ यात बढाई नाही, तरीही शॉप फ्लोअरवरचा माणूस वाचताच ओळखेल की या मुलाने गेज हातात धरलेला आहे.

या तीन नकारांची कारणे तीन वेगळ्या प्रकारची आहेत, आणि सारांशात हा प्रकार स्पष्ट लिहिणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिले वाक्य आज तुमच्या अधिकाराबाहेरचे आहे; उद्या तुम्ही इन्स्पेक्टर झालात, तर तेच वाक्य खरे ठरेल. दुसरे केवळ मोघम होते. तिसऱ्याला आधारच नव्हता, म्हणून त्यापुढे ‘पुन्हा वापरू नये’ असे लिहा. ‘दादांना आवडले नाही’ एवढीच नोंद ठेवलीत, तर सहा महिन्यांनी दुसरा अर्ज भरताना तो दोन टक्क्यांचा आकडा तुम्हाला पुन्हा मोह घालेल.

काही नकार जागेपुरते असतात, याचे उदाहरण तुमच्या भाषांच्या ओळीत आहे. ‘कन्नड काढून टाक, गोकुळ शिरगावात कोण विचारतो?’ हे दादांचे म्हणणे त्यांच्या बाजूने बरोबर आहे. उद्यमबाग किंवा मच्छेतल्या कारखान्यासाठी मात्र तीच ओळ वर यायला हवी, कारण तिथे ऑपरेटरशी, ट्रकचालकाशी आणि सरकारी कागदाशी कन्नडमधूनच गाठ पडू शकते. त्यामुळे ‘कन्नड वगळावे’ असा सरसकट निर्णय न लिहिता ‘कोल्हापूरकडच्या प्रतीत शेवटी, बेळगावच्या प्रतीत मराठीनंतर लगेच’ असे लिहा. ‘चारही भाषा अस्खलित’ हे वाक्य दोन्ही प्रतींतून बाद झाले आहे. मराठी माध्यमात शिकताना तुम्ही कन्नड हा विषय घेतला होता, म्हणून ‘बोलता व वाचता येते, लिहिण्याचा सराव कमी’ हे अंतिम.

दहावीच्या ओळीत दादांनी ‘एसएसएलसी’ खोडून ‘एसएससी’ केले आणि तुम्ही ‘ठीक’ म्हणालात. दोघांचा होकार असूनही हा निर्णय मी फिरवायला सांगेन. महाराष्ट्रात एसएससी, कर्नाटकात एसएसएलसी. गुणपत्रकावर जे छापले आहे तेच रिझ्युमेत असावे, नाहीतर कागदपत्रे पडताळताना विनाकारण खुलासा द्यावा लागतो. गावाच्या नावाचेही तसेच. 1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजी कागदोपत्री Belgaum ऐवजी Belagavi आले, आणि तुमच्या डिप्लोमाच्या प्रमाणपत्रावर तेच असल्याने रिझ्युमेतही तेच स्पेलिंग ठेवा. घरी आपण बेळगावच म्हणतो, ती गोष्ट वेगळी. सारांशात या दुरुस्तीपुढे ‘चॅटमध्ये मान्य, नंतर बदलले, कारण गुणपत्रक’ असे प्रामाणिकपणे नोंदवा, म्हणजे दादांना ती परस्पर केलेली खाडाखोड वाटणार नाही.

वरच्या उद्दिष्टाच्या परिच्छेदाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो काढायचा हे दुसऱ्याच दिवशी ठरले आणि त्यावर कोणी परत आले नाही. फोटो मात्र तुम्ही आधी घातला, मग काढला, आणि कारण ना मेसेजमध्ये आहे ना व्हॉइस मेसेजमध्ये. तिथे अंदाजाने कारण रचू नका. ‘कारण नोंदलेले नाही’ असे लिहा. हे पान दादांना पाठवताना दोनच गोष्टी विचारा : फोटो का काढला, आणि शेवटच्या रात्रीची ती अनुत्तरित ओळ ठेवायची की सोडायची.