पोवाड्यातली 'झील' म्हणजे 'कोरस' का?

"ठाण्यात आमचा बँड आहे. एक पोवाडा गिटार, बेस आणि ड्रम्सवर बसवतोय. गाणाऱ्या दादांनी कागदावर 'चौक १, झील, चाल, चौक २' असं लिहून दिलंय. ड्रमर म्हणतो, चौक म्हणजे व्हर्स आणि झील म्हणजे कोरस, तसंच लिहून टाकू. हे बरोबर आहे का? आणि शब्द झीलकरी की झिलकरी?"

तुमच्या ड्रमरचा हिशेब चुकतोय. तालमीत त्याचा त्रासही होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'कोरस' घ्या. तुमच्या खोलीत हा शब्द तीन अर्थांनी फिरत असणार. एक, गाण्यातला पुन्हा पुन्हा येणारा भाग, ज्यावर ऐकणारे सोबत गाऊ लागतात. दोन, मागे उभं राहून एकत्र गाणारी माणसं. तीन, गिटारवाल्याच्या पायाखालचा कोरस पेडल, जो मूळ सुरात त्याचीच किंचित उशिरा येणारी, थोडी हेलकावणारी नक्कल मिसळतो आणि एका गिटारीच्या दोन-तीन झाल्यासारखं वाटतं. ड्रमरच्या मनात पहिला अर्थ आहे. झील मात्र दुसऱ्या अर्थाच्या जवळ जाते, पण तिथेही पुरती बसत नाही.

पहिल्या अर्थाला मराठीत आधीपासून शब्द आहेत: ध्रुपद किंवा पालुपद. छापील कवितेत 'ध्रु.' लिहिलेलं असतं ते हेच. 'त्याचं आपलं एकच पालुपद' असं आपण बोलताना म्हणतो, तेही इथूनच आलं. पालुपद हा शब्दांचा भाग आहे, कवीने तो लिहिलेला असतो. झील ही गायची रीत आहे. शाहीर ओळ म्हणत येतो, शेवटचा स्वर वर ताणतो, आणि तो सुटायच्या आत मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत तो उचलून धरतात. तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो, पुढची ओळ जुळवता येते. झिलीचे शब्द बहुतेक ठरलेलेच असतात आणि पोवाडा बदलला तरी तेच चालतात. कोरस काढला तर गाण्याचा अर्थच जातो, कारण मुख्य म्हणणं तिथे असतं. झील काढली तर कथा शाबूत राहते, पण शाहिराचा पाठिंबा जातो. झील ओढणे, झील धरणे ही क्रियापदं पाहिलीत तरी हे काम लक्षात येईल.

आता तालमीत नेमकं काय बिघडतं ते सांगतो. वाशीत एका बँडच्या सरावाला मी बसलो होतो. त्यांनी झील 'कोरस' म्हणूनच लिहिली होती, त्यामुळे ड्रमरने तिच्यासाठी आठ-आठ मात्रांची चार आवर्तनं पक्की मोजून ठेवली होती, कानात क्लिक लावून. पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीला शाहिराने शेवटचा स्वर रंगात येऊन जास्त लांबवला, झीलकरी त्याच्या तोंडाकडे बघत थांबले, आणि ड्रम्स मात्र ठरल्याप्रमाणे पुढच्या भागात घुसले. तिसऱ्या ओळीपर्यंत गाणारे एका मात्रेवर आणि वाजवणारे दुसऱ्या, अशी गत झाली. सगळ्यांनी दोष शाहिराला दिला. खरं तर पोवाड्यात ओळ किती ताणायची हे शाहिराने त्या क्षणी ठरवायचं असतं, आणि ती संपल्याची खूण म्हणजेच झील.

पुढच्या फेरीत त्यांनी क्लिक बंद केला. शाहीर स्वर ताणत असताना ड्रमरने फक्त हाय-हॅटवर लय धरून ठेवली, बेसने एकच षड्ज घोळवला, आणि पहिल्या 'जी'वर किक-स्नेअर आत आले. आवर्तनं किती झाली हे कुणी मोजलंच नाही. गिटारनेही झील चालू असताना षड्ज-पंचमाचा पॉवर कॉर्ड ठेवला, गंधार सोडला. तो गंधार शाहिराच्या गळ्यात शुद्ध आहे की कोमल, हे चाल ठरवते. गिटारने आधीच एक बाजू घेतली की झील बेसूर वाटते. शाहिराची पट्टी काळी चार असेल तर गिटारवर चौथ्या पट्टीला केपो लावून ई-चा आकार धरला की काम होतं.

चौकाबद्दलही तुमच्या कागदावर गोंधळ होऊ शकतो. चौक हा पोवाड्याचा मोठा भाग, कथेतला एक टप्पा. दूत निघाला, इथपासून तो पोचला, इथपर्यंत एक चौक असू शकतो. शब्द चतुष्क, म्हणजे चाराचा गट, यावरून आला असला तरी चौकात चारच कडवी असतात असं नाही. जुन्या छापील पोवाड्यांत चौकांची लांबी खूप कमीजास्त दिसते. एका चौकात अनेक कडवी असतात आणि चालही मध्येच बदलते. म्हणून छापील पोवाड्यांत ओळींच्या मध्ये नुसतं 'चाल' असं लिहिलेलं सापडतं. तिथे वृत्त, ठेका किंवा गती बदलायची. व्हर्स हा एवढासा शब्द या सगळ्याला पुरत नाही. व्हर्सला जवळचं कडवं. ड्रमरला सगळ्यात महत्त्वाचा शब्द माझ्या मते 'चाल' आहे, कारण ठेका तिथे बदलतो, चौक संपल्यावरच बदलतो असं नाही. दादांनी तो वेगळा लिहून दिला, ही त्यांची फार मोठी मदत आहे, खोडू नका.

उद्या तुम्ही लावणी घ्याल तर ड्रमरचं म्हणणं थोडं खरं ठरेल. तिथे मागे गाणाऱ्याला सुरत्या म्हणतात, त्याच्या हातात बहुधा तुणतुणं असतं, आणि तो 'जी जी' म्हणण्याऐवजी बऱ्याचदा ध्रुपदाची ओळच उंच सुरात उचलतो. म्हणजे एकाच जागी पालुपदही असतं आणि झीलही, आणि ढोलकीचा ठेका आवर्तनात बांधलेला असल्यामुळे मोजूनही चालतं. पोवाड्याची सवय लावणीला आणि लावणीची पोवाड्याला लावली की दोन्ही बिघडतात, हे अनेक बँडांच्या कार्यक्रमांत ऐकू येतं. लावणीत 'चौकाची लावणी' असाही एक प्रकार आहे, तो शब्द दिसला तर घाबरू नका. तिथेही मोठे भाग हाच अर्थ घ्यायचा.

तुमचा कागद मी असा लिहीन: चौक १, त्याखाली कडवी, प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'झील (मोकळी)', जिथे ठेका बदलतो तिथे 'चाल' आणि त्यापुढे नव्या ठेक्याचं नाव. ध्रुपद असेल तर 'ध्रु.' वेगळं लिहा, त्याला हवं तर कोरस म्हणा, काही बिघडत नाही.

झीलकरी आणि झिलकरी दोन्ही छापलेले दिसतात. मी झीलकरी लिहितो, कारण त्यात मूळ 'झील' डोळ्यांना दिसते.