हात अजून मोठ्या मापाकडेच जातो

*'दीड वर्षात माझं ३२ किलो वजन उतरलं. सगळे कौतुक करतात, पण मी अजून जुने ढगळ कपडेच घालते. दुकानात हात आपोआप मोठ्या मापाकडे जातो. अंगाबरोबर बसणारं काही घातलं की उघडं पडल्यासारखं वाटतं.' – अ., वय ४१*

ताई, शरीर बदललं तरी डोक्यातलं माप मागेच रेंगाळतं. म्हणून आरशाला विचारू नका, टेपला विचारा. छाती, कंबर, नितंब मोजून आकडे लिहून ठेवा.

पहिली खरेदी आतल्या कपड्यांची. ब्राचा पट्टा पाठीवर वर सरकत असेल तर माप मोठं आहे, आणि मग वरून कितीही चांगलं घाला, ते लोंबतंच. नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर नीट बसायला हवी. पट्टा वापरून पुढे सैल पडतो तेव्हा बाकीचे हुक कामी येतात.

आता जुनी कपाटं. सगळं शिंप्याकडे नेऊ नका, आधी खांद्याची शिवण बघा. ती खांद्याच्या हाडापासून दोन बोटं खाली उतरली असेल, तर तो कपडा देऊन टाका. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बेतायची, तेवढ्यात नवा येतो. पँटची कंबर दोनेक इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली की मागचे खिसे एकमेकांना चिकटतात.

खांदा बसतोय असे एक-दोन शर्ट मात्र निघतील. तुमच्या 'उघडं पडण्या'वर इलाज त्यांच्यातच आहे. समजा तुमची छाती ३६ आणि शर्ट ४४ आहे, म्हणजे ८ इंच सैल. शिंपी ज्याला लूझिंग म्हणतात ते साधारण ४ इंच पुरतं. पण एका दमात तिथे जाऊ नका. दोन्ही बगलांच्या शिवणी आधी अर्धा-अर्धा इंच आत घ्या, शर्ट ४२ होईल. आठ-दहा दिवस वापरा. नजर सरावली की आणखी अर्धा इंच, म्हणजे ४०. टीप काखेतून बाहीपर्यंत सलग न्यायला सांगा, नाहीतर काखेत चुण्या पडतात. आणि आतलं जादा कापड कापू देऊ नका. वजन थोडं इकडेतिकडे झालं तर उसवता येईल.

(ढगळ कपड्यात आपण झाकले जातो हा भ्रम आहे, खरं तर जास्तच रुंद दिसतो. मीसुद्धा हे उशिरा शिकले.)

दंडाची, पोटाची त्वचा सैल पडली असेल तर अंगाला चिकटणारं पातळ होजिअरी कापड टाळा. थोडं जाड, स्वतःचा आकार धरणारं कापड तिथे बरं.

नवं भरपूर मात्र लगेच घेऊ नका. वजन तीन-चार महिने एका जागी राहू दे, तोवर दोन पँट आणि तीन शर्ट पुरे. दुकानात तोच शर्ट दोन मापांत घ्या आणि बरोबरच्या मैत्रिणीला लेबलं आत दुमडून द्यायला सांगा. हात वर करा, खाली बसा, वाका. कुठला घ्यायचा ते ठरलं की मगच लेबल उलटा.