क्वार्ट्झ दाबला की व्होल्टेज, मीठ दाबलं की काहीच नाही

प्रश्न: धन-ऋण भार तर दोन्हींत आहेत, मग मिठाचा खडा दाबून व्होल्टेज का मिळत नाही?

उत्तर: कारण मिठात सममिती-केंद्र आहे. कुठल्याही आयनापासून निघून केंद्राच्या पलीकडे तेवढंच अंतर गेलात की तसाच आयन भेटतो. दाब समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी सारखाच येतो, म्हणून खडा चेपला तरी हे केंद्र मोडत नाही. समजा ध्रुवण, म्हणजे धन भार एका बाजूला आणि ऋण भार दुसऱ्या बाजूला सरकणं, उजवीकडे झालं. केंद्रातून उलटवलं की ते डावीकडे जाईल, पण स्फटिक मात्र जसाच्या तसा. दोन्ही एकाच वेळी खरं असायचं तर ध्रुवण शून्यच हवं.

क्वार्ट्झचा बिंदुगट, म्हणजे स्फटिकाच्या सममितीचा प्रकार, ३२ (‘तीन-दोन’ वाचा, बत्तीस नव्हे, एकूण बिंदुगटही बत्तीसच, हा निव्वळ योगायोग). त्यात केंद्र नाही. एक उभा त्रिगुणी अक्ष आहे, म्हणजे त्याभोवती एक तृतीयांश फेरा फिरवला तरी स्फटिक तसाच दिसतो, आणि त्याला काटकोनात तीन द्विगुणी अक्ष आहेत, त्यांच्याभोवती अर्धा फेरा पुरतो. एखाद्या द्विगुणी अक्षावर दाबलंत तर तेवढा एकच अक्ष शिल्लक राहतो आणि त्याच्या दोन टोकांवर विरुद्ध भार येतात. उभ्या अक्षावर दाबलंत तर सगळे अक्ष शाबूत राहतात, ध्रुवणाला कुठलीच दिशा मोकळी नाही, व्होल्टेज शून्य. म्हणूनच क्वार्ट्झची चकती कोणत्या दिशेने कापली ते आधी विचारावं.

केंद्र नसलेले २१ बिंदुगट आहेत. त्यांपैकी ४३२ मात्र इतका सममित आहे की तिथेही पिझोविद्युत, म्हणजे दाबामुळे निर्माण होणारी वीज, मिळत नाही.