पोस्ट ढापलेल्या पेजला पहिला मेसेज

एखाद्या फेसबुक पेजने तुमची पोस्ट नाव न देता स्वतःची म्हणून टाकली, तर रागाच्या भरात त्यांच्या पोस्टखाली कमेंट टाकू नका. ते तुम्हाला ब्लॉक करू शकतात आणि मग ती पोस्ट तुम्हालाच दिसेनाशी होऊ शकते. आधी पुरावा घ्या: त्यांच्या पोस्टची लिंक, पेजचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, शिवाय तुमच्या मूळ पोस्टची लिंक.

मग पेजच्या इनबॉक्समध्ये एवढंच लिहा:

"नमस्कार. तुमच्या पेजवर 12 तारखेला आलेली उकडीच्या मोदकांची पोस्ट (लिंक) माझी आहे. मूळ पोस्ट 9 तारखेची (लिंक). मजकूर आणि फोटो दोन्ही माझे आहेत. कृपया 48 तासांत पोस्टच्या पहिल्या ओळीत माझं नाव आणि मूळ लिंक द्या, नाहीतर पोस्ट काढा. तसं न झाल्यास मी कॉपीराइटची तक्रार करेन."

नवखे इथेच चुकतात: "क्रेडिट द्या" म्हणतात, पण कुठे ते सांगत नाहीत. मग नाव जातं दोनशे कमेंटांच्या तळाशी. "साभार" किंवा "व्हॉट्सॲपवरून" हेही क्रेडिट नव्हे.

पाककृतीत आणखी एक मेख आहे. मोदकाचं साहित्य आणि प्रमाण यांवर हक्क सांगता येत नाही. तुमच्या शब्दांवर आणि फोटोवर येतो, तोही नोंदणीशिवाय. म्हणून मेसेजात "माझी रेसिपी चोरली" नको, "माझा मजकूर आणि फोटो" म्हणा.

पेजने दाद दिली नाही, तर फेसबुकचा कॉपीराइट फॉर्म भरा. त्यातलं तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळू शकतं, तेव्हा ईमेल वेगळा ठेवा.