एक एंट्री हलवली तर आयगेनव्हॅल्यू किती हलेल?

"सर, एमएस्सी मॅथ्स करतोय. वाइल्डलाइफ डेटाच्या इंटर्नशिपला इंटरव्ह्यूत २ बाय २ मॅट्रिक्स देऊन विचारलं की एक एंट्री जराशी बदलली तर आयगेनव्हॅल्यू किती बदलेल. मी म्हटलं परत काढून बघू. त्यांना ते पटलं नाही. काय हवं होतं त्यांना, आणि तयारी काय करू?"

अरे, परत काढून उत्तर येतंच, पण कुठल्या एंट्रीवर मेहनत घ्यायची हे त्यातून एका नजरेत दिसत नाही, आणि वाइल्डलाइफवाल्यांना तेच हवं असतं. समज पिल्लं आणि मोठे असे दोन गट, पहिली ओळ (0, 2), दुसरी (0.1, 0.8). म्हणजे एका मोठ्यामागे वर्षाला 2 पिल्लं, पिल्लांतली 10 टक्के मोठी होतात, मोठ्यांतले 80 टक्के जगतात. मोठी आयगेनव्हॅल्यू 1, म्हणजे संख्या ना वाढते ना घटते.

राइट आयगेनव्हेक्टर x = (2, 1), लेफ्ट y = (1, 10), आणि y·x = 12. आता i ओळ, j कॉलमची एंट्री हलवली तर λ बदलायचा दर

```
y_i * x_j / (y·x)
```

बस एवढंच. जन्मदर (1,2) साठी 1/12, साधारण 0.083. मोठ्यांचं जगणं (2,2) साठी 10/12, म्हणजे 0.833. 0.8 चं 0.83 केलंस तर अंदाज 1.025, आणि खरोखर काढलंस तर 1.0251 येतं, बघ करून.

आता गंमत अशी की (2,1) साठी 20/12 = 1.667, सगळ्यात मोठा आकडा, आणि बरीच मुलं इथेच "पिल्लं वाचवा" म्हणून मोकळी होतात. पण ती एंट्रीच 0.1 आहे, ती 0.03 ने वाढवणं म्हणजे 30 टक्के वाढ! म्हणून दर गुणिले एंट्री भागिले λ करून बघ: पिल्लं 0.167, जन्म 0.167, मोठ्यांचं जगणं 0.667. बेरीज 1 यायलाच हवी, नाही आली तर कुठेतरी चुकलंय. इंटरव्ह्यूत हे बोलला असतास तर पुढचे प्रश्न वेगळेच आले असते.

नेहमीची चूक म्हणजे y च्या जागी पण x च वापरणं, कारण `numpy.linalg.eig` फक्त राइट व्हेक्टर देतं. मॅट्रिक्स सिमेट्रिक असेल तर चालून जातं, इथे (2,2) चा दर 0.833 ऐवजी 0.2 येईल. लेफ्टसाठी `scipy.linalg.eig(A, left=True)` वापर किंवा A च्या ट्रान्सपोझचे काढ, फक्त दोन्ही व्हेक्टर एकाच λ चे आहेत ना ते बघ, क्रम बदलतो कधीकधी. आणि शंका आली की एंट्री 0.001 ने हलवून ताडून बघायचं.

x आणि y च्या लांबीच्या मानाने y·x शून्याजवळ गेलं, जे दोन आयगेनव्हॅल्यू जवळपास एक झाल्या की होऊ शकतं, तर दर प्रचंड मोठा येतो, तिथे या अंदाजावर विसंबू नकोस.

तयारी म्हणशील तर पॉप्युलेशन मॅट्रिक्स मॉडेल्स कर, आणि वरचं उदाहरण 3 गट घेऊन स्वतः सोडव, कागदावर आधी, कोड नंतर.