आयनिक, सिरॅमिक आणि रत्नागिरीची दमट हवा

प्रश्न: आयनिक-सिरॅमिक स्ट्रेटनर घेतला, हीट प्रोटेक्टंट स्प्रेही मारते, तरी रत्नागिरीत केस तासाभरात फुगतात आणि टोकं तुटतात. असं का?

उत्तर: फुगतात ते हवेमुळे. उष्णतेने सरळ केलेला केस दमट हवेतलं पाणी शोषून मूळ वळणावर येतो. आयनिकने फार तर स्थिर वीज कमी होते. सिरॅमिकमुळे उष्णता पट्टीभर सारखी पसरते, कमी होत नाही.

टोकं तुटतात ती बहुधा ओलाव्याने. स्प्रे मारून लगेच पट्टी फिरवल्यावर चर्र आवाज येतो का? मग केसातल्या पाण्याची वाफ होऊन आत बुडबुडे पडतायत. स्प्रेनंतर विंचरा, पूर्ण कोरडे करा, मग १५०-१६० अंशांवर एकदाच फिरवा. स्प्रेने इजा कमी होते, टळत नाही. पावसाळ्यात मी तर सरळ वेणीच घालते.